काळ्या रेघेसाठी आले आणि सापडलं भलतंच : निपाणीकडची एक केस

निपाणीजवळच्या एका खेड्यातले तात्या, वय ५८, सगळी उमर तंबाखूच्या वखारीत हमाली केलेली. सोबत थोरला मुलगा, तो बेळगावला उद्यमबागमध्ये एका मशीन शॉपमध्ये लेथवर काम करतो, आणि तात्यांची बायको, ज्या घरी विड्या वळतात. गावाचं नाव, माणसांची नावं देत नाही, बाकी घरच्यांना विचारून लिहितोय.

मुलगा तात्यांना घेऊन आला तो सांधेदुखीसाठी नाही आणि खोकल्यासाठी पण नाही, नखासाठी. त्याला मोबाईलवर कुणीतरी फोटो पाठवलेला, नखावर उभी काळी रेघ आणि खाली लिहिलेलं की असं दिसलं तर कॅन्सर असू शकतो. सुट्टीला घरी आला, तात्यांचा हात बघितला तर अंगठ्यावर तशीच रेघ. तिथनं त्याला चैन पडेना. "डॉक्टर, हे बघा की, मेसेजमधी असंच दाखवलंय," म्हणत त्यानं तात्यांचा हात माझ्या टेबलावर ठेवला.

आधी त्या रेघेचंच सांगतो, कारण भीती तिचीच होती. नखावर उभी काळी किंवा तपकिरी रेघ येते तेव्हा नखाच्या मुळाशी, कातडीखाली जिथं नख तयार होतं, तिथल्या रंग बनवणाऱ्या पेशी जागच्या जागी रंग सोडत असतात आणि नख पुढं सरकताना तो रंग रेघेसारखा ओढला जातो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत वय वाढेल तशा अशा रेघा दोन-चार बोटांवर येतातच, विशेष करून अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, जी बोटं जास्त वापरात असतात ती. तात्यांच्या दोन्ही अंगठ्यांवर, उजव्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर होत्या. फिकट तपकिरी, दीड-दोन मिलीमीटर रुंद, मुळापासून टोकापर्यंत सारख्या, कडा सरळ, आणि मुळाशी जी कातडी असते तिच्यावर रंग अजिबात उतरलेला नाही. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्या रेघा काय आजच्या हाईत व्हय? धाकट्याच्या बारशाच्या आधीपास्नं हाईत." धाकटा आता कॉलेजला आहे.

म्हणजे रेघांची काळजी नव्हती. काळजी कधी करायची तर रेघ एकाच बोटावर आहे, मोठ्या वयात नव्यानं आलीय, बघता बघता रुंद होत तीन मिलीमीटरच्या पुढं गेलीय, रंग एकसारखा नाही, कुठं काळा कुठं तपकिरी, मुळाशी रुंद आणि टोकाला निमुळती आहे, किंवा रंग नखावरून शेजारच्या कातडीवर उतरलाय, नख तिथं चिरतंय. हे असं हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर दिसलं तर थांबायचं नाही, कातडीच्या डॉक्टरकडं जाऊन मुळाचा तुकडा तपासायचा, कारण नखाखालचा मेलानोमा, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, असाच सुरू होतो आणि आपल्याकडं तो बऱ्याचदा बुरशी किंवा मार लागलाय म्हणून महिनोन् महिने अंगावर काढला जातो. खरंच मार लागून रक्त साकळलं असेल तर ते ओळखायला सोपं आहे, हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलीमीटर वाढतं, त्यामुळं साकळलेला डाग नखाबरोबर पुढं सरकतो आणि त्याच्यामागं मुळाशी स्वच्छ नख येतं. आज फोटो काढा, महिन्यानं परत काढा, कळतं. बऱ्याच नखांवर एकदमच नव्यानं रेघा आल्या, बोटांची पेरं पण काळी पडली, तर बी-१२ तपासायचं, आणि काही औषधं, विशेषतः केमोची, हे करतात तेही विचारायचं.

तर रेघांचं उत्तर देऊन झालं, मुलगा जरा सैल झाला, आणि मी तात्यांचा हात अजून हातातच धरून होतो. कारण रेघ बघताना बोटाच्या टोकाचा आकार डोळ्यात भरला होता.

बोटाचं शेवटचं पेर फुगलेलं, ढोल वाजवायच्या टिपरूसारखं, नख वरनं गोल होऊन पुढं खाली वाकलेलं, चकाकणारं, आणि मुळाशी कातडी ताणलेली. ह्याला क्लबिंग म्हणतात. नेहमीच्या माणसाचं बोट बाजूनं बघितलं तर नख जिथं कातडीतनं बाहेर येतं तिथं एक खोबण दिसते, कोन असतो साधारण १६० अंशाचा. क्लबिंगमध्ये ती खोबण भरून येते, कोन १८० च्या वर जातो, म्हणजे बाजूनं बघितलं तर सरळ रेघ, नाहीतर चक्क वर उचललेली. हे नेहमी बाजूनं बघायचं, वरनं बघून फसायला होतं, कारण काही लोकांची नखं मुळातच गोल असतात पण त्यांची खोबण जागेवर असते.

तात्यांना म्हटलं दोन्ही हातांच्या तर्जन्या नखाला नख लावून पाठीला पाठ धरा. धडधाकट माणसानं असं केलं की दोन्ही नखांच्या मुळाशी मधे एक छोटा शंकरपाळ्यासारखा चौकोनी झरोका दिसतो, त्यातनं उजेड येतो. तात्यांचा झरोका बंद. मुलानं स्वतः करून बघितलं, त्याचा उघडा, आणि मग तो दोघांच्या बोटांकडं आळीपाळीनं बघायला लागला. ही टेस्ट दक्षिण आफ्रिकेतल्या लिओ शॅम्रॉथ नावाच्या हृदयरोगतज्ज्ञानं १९७६ साली लिहिली, त्याला स्वतःला हृदयाच्या झडपेचं इन्फेक्शन झालेलं आणि आपल्याच बोटांत होणारा बदल बघून त्याला हे सुचलं. घरात कुणालाही करता येते, पैसा लागत नाही. पण एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. नखाच्या मुळाशी हलकं दाबून बघितलं, एरवी तिथं नख हाडावर घट्ट बसलेलं लागतं, तात्यांचं खाली स्पंज असल्यासारखं दबत होतं.

आता गंमत म्हणजे मुलगा मशीनवरचा माणूस, त्याला "बघून वाटतं" हे पटेना. म्हणाला मोजता येईल काय? मोजता येतं. तर्जनीची जाडी दोन ठिकाणी मोजायची, वरनं खाली, एकदा नख सुरू होतं तिथं आणि एकदा शेवटच्या सांध्यावर. नेहमीच्या बोटात नखाच्या मुळाशी जाडी सांध्यापेक्षा कमी असते, गुणोत्तर ०.९ च्या आसपास. एकच्या वर गेलं की क्लबिंग. त्याच्या बॅगेत व्हर्निअर होतं. जॉब मोजतात तसंच त्यानं वडिलांचं बोट धरलं, मी फक्त सांगितलं की जबडा टेकव पण आवळू नको, मांस दबतं आणि आकडा कमी येतो. नखाच्या मुळाशी १२.६ मिलीमीटर, सांध्यावर ११.८. भागाकार केला १.०७. मग स्वतःचं मोजलं, १०.९ आणि १२.१, म्हणजे ०.९०. त्यानंतर तो काही बोलला नाही, आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवले.

इथं एक प्रश्न विचारायलाच पाहिजे, हे जन्मापासनं तर नाही ना? काही घराण्यांत क्लबिंग पिढीजात असतं आणि त्याचं काही बिघडत नाही. तात्यांना विचारलं तर म्हणाले कुणी बघतंय नखांकडं, मला काय माहीत. मग मुलाला म्हटलं मोबाईलमध्ये दोन-तीन वर्षांपूर्वीचे फोटो शोध ज्यात तात्यांचे हात दिसतात. गणपतीच्या आरतीचा एक सापडला, तात्या ताट धरून उभे आहेत, अंगठा बाजूनं दिसतोय. मोठा करून बघितला तर खोबण स्पष्ट. म्हणजे दोन वर्षांच्या आत झालेला बदल. हातात जुने फोटो असण्याचा हा एक मोठा फायदा आहे आणि डॉक्टर लोकांनी तो मागावा असं मला मनापासून वाटतं, पेशंटला आठवत नाही ते फोटोला आठवतं.

मग मी पहिल्यापासनं विचारायला घेतलं. सहा-सात महिने झाले, घोटे आणि मनगटं दुखतात, सुजतात, सकाळी उठताना पाय टेकवत नाही. आधीच्या ठिकाणी सांधेवात म्हणून औषधं झालेली, इंजेक्शनं झालेली, गोळ्यांत दुखण्याची गोळी आणि थोडं स्टिरॉइड. घेतलं की चार दिवस बरं, सोडलं की परत. युरिक ॲसिड नॉर्मल, संधिवाताचा आरए फॅक्टर निगेटिव्ह, अंगातली सूज दाखवणारा ईएसआर मात्र ७८, म्हणजे वाढलेला. खोकला आहे पण तो "विडीचा खोकला", सकाळी थोडा बेडका. तीन वर्षांपासनं सीओपीडी, म्हणजे धुरानं श्वासनलिका आकसून लागणारी जुनी धाप, म्हणून पंप चालू. विडी दिवसाला एक बंडल, विशीच्या आतबाहेर असल्यापासनं. वजन कधी केलं नाही, पण काकू म्हणाल्या सदरा खांद्यावरनं उतरालाय.

सांधेदुखीच्या पेशंटची नखं बघायचीच असतात, त्याचं कारण मात्र वेगळं. सोरायसिसचा संधिवात असतो त्यात नखावर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात, नख टोकाकडनं उचललं जातं, आणि कातडीवर चट्टे नसले तरी नखं सांगून जातात, आरए निगेटिव्ह असला तरी. म्हणून तात्यांची दहाही नखं उजेडात तिरपी धरून बघितली, कोपर, डोक्याची कातडी, बेंबी, कानामागं सगळं बघितलं. खड्डे नाहीत, चट्टे नाहीत. तो रस्ता बंद.

आणि मग पायाकडं गेलो. घोट्यावर सूज होती, पण खरं दुखणं सांध्यात नव्हतं. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठ्यानं दाबलं तर तात्यांनी "आई गं" करून पाय ओढून घेतले. दोन्ही पायांना तसंच. मनगटाच्या वर हाताच्या हाडावर तसंच. अजून एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली, खुर्चीवर पाय सोडून बसलं की ठणका वाढतो आणि पोत्यावर पाय वर ठेवून निजलं की बरं वाटतं. सांध्याच्या वातात असं सहसा नसतं.

त्यांच्या पिशवीत घोट्याचा जुना एक्स-रे होता. रिपोर्टमध्ये लिहिलेलं की सांध्यातलं अंतर व्यवस्थित, झीज नाही. ते बरोबरच होतं, सांधा चांगलाच होता. खिडकीच्या उजेडात फिल्म धरली आणि सांधा सोडून वर नडगीच्या हाडाकडं बघितलं तर हाडाच्या कडेला अजून एक बारीक पांढरी रेघ समांतर जाताना दिसत होती, दोन्ही बाजूंनी. हाडावर जे आवरण असतं त्याच्याखाली नवीन हाडाचा पापुद्रा धरायला लागला की असं दिसतं. क्लबिंग, लांब हाडांवर हा पापुद्रा, आणि घोट्या-मनगटाची दुखणारी सूज, हे तिन्ही एकत्र आलं की त्याला हायपरट्रॉफिक ऑस्टिओआर्थ्रोपथी म्हणतात. नाव लांबलचक आहे, लक्षात नाही राहिलं तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते एवढंच की मोठ्या वयाच्या विडी ओढणाऱ्या माणसात हे दिसलं तर दुखणं पायात आणि कारण छातीत असतं, जोवर उलटं सिद्ध होत नाही तोवर असंच धरून चालायचं.

मुलानं विचारलं की विडीनं आणि दम्यानं नखं अशी होत असतील, पंप तर चालूच आहे. हा समज फार पसरलेला आहे, कधीकधी शिकलेल्या लोकांतसुद्धा. विडी-सिगरेटनं नखं पिवळी पडतील, क्लबिंग होत नाही. दम्यानं होत नाही. सीओपीडीनं पण होत नाही. म्हणून सीओपीडीचा पेशंट आणि नवीन क्लबिंग अशी जोडी दिसली की "जुनाच आजार आहे" म्हणून सोडायचं नाही, उलट तिथंच दुसरं काहीतरी शोधायचं, फुफ्फुसाचा कॅन्सर, जुन्या टीबीनंतर श्वासनलिका रुंदावून त्यात पू साठणं, फुफ्फुसातलं गळू, फुफ्फुस आक्रसून कडक होणं. छातीच्या बाहेरचीही कारणं आहेत, जन्मजात हृदयविकार ज्यात मूल निळं पडतं, हृदयाच्या झडपेचं इन्फेक्शन, लिव्हर सिऱ्हॉसिस, आतड्याचे काही आजार. पण आपल्यासमोरचा माणूस बघून क्रम लावायचा, आणि तात्यांच्या बाबतीत पहिला नंबर छातीचाच होता.

फुफ्फुसात काही झालं तर बोटाचं टोक का फुगावं? ह्याचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण असं आहे की प्लेटलेट ज्यांच्यापासनं बनतात त्या मोठ्या पेशी रक्तातनं फुफ्फुसात येतात आणि तिथल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून त्यांचे तुकडे होतात. फुफ्फुसाची ही चाळणी बिघडली किंवा रक्त तिला वळसा घालून गेलं की त्या पेशी, त्यांचे मोठे तुकडे, तसेच पुढं जाऊन बोटांच्या टोकाला अडकतात आणि तिथं वाढीची रसायनं सोडतात. त्यानं नखाखाली नवीन रक्तवाहिन्या होतात, मांस सुजतं, नख वर उचललं जातं. काही गाठी तर ही रसायनं स्वतःच बनवून रक्तात सोडतात. म्हणून गाठ काढली की बोटं आणि हाडं दोन्ही परत फिरतात, हे पुढं तात्यांच्यात दिसलं.

छातीचा एक्स-रे त्याच दिवशी निपाणीत काढला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात लिंबाएवढी गोल सावली. आपल्या भागात इथं एक वळण येतं जिथं बरेच पेशंट चुकीच्या रस्त्याला लागतात. वरच्या भागात सावली, खोकला, वजन कमी, म्हणजे टीबी, करा सहा महिन्यांचा कोर्स सुरू. टीबी आपल्याकडं आहेच, शंका येणं बरोबर आहे, पण नुसत्या सावलीवर औषध सुरू करून तीन महिन्यांनी बघू म्हणणं हे अशा माणसाला परवडत नाही. बेडका तपासायला दिला, साधी तपासणी आणि टीबीच्या जंतूचे जीन शोधणारी सीबीनॅट दोन्ही, दोन्ही निगेटिव्ह. सरकारी दवाखान्यात हे फुकट होतं आणि सीबीनॅटचा निकाल मशीन दोनेक तासात देतं. नुसत्या टीबीत हाडावर असा पापुद्रा सहसा धरत नाही हे पण डोक्यात होतंच.

मग बेळगावला सीटी स्कॅन. ४.३ सेंटीमीटरची गाठ, कडा खडबडीत, दोन्ही फुफ्फुसांच्या मधल्या लसीका ग्रंथी वाढलेल्या नाहीत. सीटी बघत बघत बरगड्यांच्या मधनं सुई घालून तुकडा काढला, त्यात ॲडिनोकार्सिनोमा, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. पेट-सीटीत, म्हणजे जिथं पेशी जास्त काम करतात तिथं रंग दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, इतर कुठं पसरलेला दिसला नाही, मेंदूचा एमआरआय स्वच्छ. त्या पेट-सीटीत एक गोष्ट होती ज्यानं घरचे हादरले, दोन्ही नडग्यांवर कडेनं थोडा रंग आलेला. रिपोर्ट वाचून मुलाचा रात्री फोन, "हाडात गेलंय काय?" तसं नव्हतं. हाडात पसरलेला कॅन्सर सहसा एखाद्या ठिकाणी, एकीकडं, ठिपक्यासारखा दिसतो आणि मणका, कंबर, बरगड्या ही त्याची आवडती ठिकाणं. इथं दोन्ही नडग्यांवर सारखाच, हाडाच्या कडेनं लांब, रुळासारख्या दोन रेघा. तो पापुद्र्याचाच रंग होता. हा फरक कळला नसता तर ऑपरेशन होणारा पेशंट चौथ्या स्टेजमध्ये टाकला गेला असता, म्हणून मी मुलाला सांगितलं की सर्जनला क्लबिंगचं आणि जुन्या घोट्याच्या एक्स-रेचं मुद्दाम सांग, फिल्म सोबत घेऊन जा. त्यांनी बघितली आणि स्टेज दोन-अ धरली.

पैशाचं थोडक्यात. बीपीएल रेशन कार्ड होतं, आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमधनं बसलं, पण त्याच्यासाठी आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं, ते न घेता थेट मोठ्या हॉस्पिटलला गेलं की माघारी फिरावं लागतं. नातेवाईक कोल्हापूरला चला म्हणत होते, जवळ पडतं, बोलायला सोपं जातं. शेवटी बेळगाव ठरलं कारण मुलगा तिथंच राहतो आणि ऑपरेशननंतर रोज कुणीतरी जवळ पाहिजे. फॉर्म कन्नडमध्ये, ते त्याच्या शॉपमधल्या मित्रानं भरून दिले.

ऑपरेशनआधी श्वासाची तपासणी, कारण सीओपीडीच्या माणसाचं फुफ्फुसाचं एक पाळं काढायचं म्हणजे उरलेल्यावर भागलं पाहिजे. एका सेकंदात बाहेर टाकलेली हवा अपेक्षेच्या ६२ टक्के आली, चालण्यासारखी. विडी त्याच दिवशी बंद. घरात सुपात तंबाखू आणि विड्यांचा ढीग समोर असताना बंद करणं काय असतं हे बाहेरच्याला कळणार नाही, काकूंनी वळायचं काम शेजारणीच्या पडवीत नेलं.

उजव्या फुफ्फुसाचं वरचं पाळं काढलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या नर्सला म्हणाले पायाचा ठणका गेला. छातीला टाके, नळी घातलेली, तिथं दुखतंय, पण सहा-सात महिने ज्याच्यासाठी इंजेक्शनं घेतली ते पाय मोकळे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही, पण ह्या आजारात असंच होतं, गाठ गेली की हाडांचं दुखणं काही तासांत, काही दिवसांत उतरतं. नखांना वेळ लागतो. गाठ चार सेंटीमीटरच्या वर होती म्हणून पुढं केमोचे चार डोस दिले. केमो चालू असताना नखांवर नव्या काळपट आडव्या पट्ट्या आल्या, मुलगा परत घाबरला, त्या औषधाच्या होत्या आणि नख वाढेल तशा पुढं सरकत गेल्या. आठ महिन्यांनी त्यानंच व्हर्निअर लावलं, मुळाशी ११.९, सांध्यावर ११.८ च, गुणोत्तर १.०१. झरोका किंचित उघडलेला.

काकूंचं सांगायचं राहिलं. त्या पहिल्याच दिवशी, तात्यांचं सगळं चालू असताना, त्यांनी पण हात पुढं केले, "माझी बी बघा की एकदा, कसलीबी झाल्यात." अंगठ्याची आणि तर्जनीची नखं मधनं खोलगट, कडा वर, पातळ. नखावर पाण्याचा थेंब सोडला तर तो ओघळला नाही, तिथंच राहिला. ह्याला चमच्याची नखं म्हणतात. विडीची पानं भिजवलेली असतात, दिवसभर ओल्या पानाला हात आणि बोटांच्या टोकांवर जोर, त्यानं पण नखं पातळ होऊन खोलगट होऊ शकतात, त्यामुळं नुसत्या नखावरनं रक्त कमी म्हणता येत नाही. पण खालची पापणी ओढली तर फिकी, जिना चढताना धाप. हिमोग्लोबिन ७.८, फेरिटिन ६. लोहच नव्हतं अंगात. गोळी एक दिवसाआड, लिंबूपाण्यासोबत, चहाच्या आधी-नंतर दोन तास नाही, कारण चहा लोह धरून ठेवतो. आणि पन्नाशीच्या आसपास बाईचं रक्त का कमी झालं हे शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या द्यायच्या नाहीत, त्यांना पाळीला फार जात होतं, सोनोग्राफीत पिशवीत गाठी निघाल्या, त्याचं उपचार वेगळं चालू आहे. रक्त दोन-तीन महिन्यांत वर आलं, नखं मात्र पूर्ण नवी यायला सहा महिने लागले, तेवढंच लागतं.

एक उलटी बाजू सांगितलीच पाहिजे. तात्यांचा भाऊ, तो पण विडीवाला, झरोका उघडा बघून खूष होऊन गेला की मला काही नाही. तसं होत नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या बहुतेक पेशंटना क्लबिंग नसतंच, आणि एक प्रकार, स्मॉल सेल म्हणतात तो, त्यात तर फार क्वचित दिसतं. क्लबिंग दिसलं तर शोधायचं, नाही दिसलं तर त्यावरनं काही ठरत नाही. खोकल्याचा सूर बदलला, बेडक्यात रक्ताचा कण आला, आवाज बसला तो तीन आठवडे सुटला नाही, वजन उतरलं, तर नखं कशीही असोत छातीचा फोटो काढायचा. भावाला तेवढं सांगून एक्स-रे काढून घेतला, त्याचा स्वच्छ आला, विडी अजून सुटलेली नाही.

तात्यांची आता पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सीटी आहे. पण त्यांना आणि काकूंना मी वेगळं एक सांगून ठेवलंय, आणि मुलानं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून लावलंय. नडगी परत दुखायला लागली, घोटे सुजले, पाय वर ठेवल्यावर बरं वाटायला लागलं, तर मेडिकलमधनं गोळी घ्यायची नाही आणि पुढच्या सीटीच्या तारखेची वाट बघायची नाही. गाठ परत उगवली तर फोटोत दिसायच्या आधी हाडं बोलू शकतात, आणि दुखण्याची गोळी त्यांना गप्प करते.